१७७ वरून १५०: उपचाराआधी आणि नंतरच्या आकड्यांवर कितपत विसंबावे?

२००९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा अभ्यास छापून आला. तीन किंवा त्याहून जास्त गोळ्या घेऊनही ज्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नव्हता अशा ४५ जणांच्या मांडीतल्या धमनीतून एक बारीक नळी मूत्रपिंडाच्या धमनीपर्यंत नेली गेली. त्या धमनीच्या भिंतीलगतचे मज्जातंतू रेडिओ लहरींच्या उष्णतेने निकामी केले गेले. उपचाराआधी या रुग्णांचा सरासरी रक्तदाब १७७/१०१ होता. महिन्याभरात वरचा आकडा १४ ने उतरला, सहा महिन्यांत २२ ने आणि वर्षअखेर २७ ने. अभ्यासाचे नाव सिम्प्लिसिटी एचटीएन-१. त्यात सोडत काढून पाडलेला तुलना-गट नव्हता. तेच रुग्ण, आधी मोजले आणि नंतर मोजले.

असा अभ्यास हातात आला की पहिला मोह होतो तो २७ हा आकडा उपचाराच्या खात्यावर जमा करण्याचा. पुढच्या पायऱ्या या आकड्याची फोड कशी करायची हे दाखवतात. उदाहरण रक्तदाबाचे घेतले आहे, कारण त्याच उपचारावर पुढे काटेकोर चाचण्या झाल्या आणि उत्तर पडताळून पाहण्याची सोय झाली. पाठदुखी, अर्धशिशी, दमा, नैराश्य अशा वरखाली होणाऱ्या कोणत्याही तक्रारीला हीच रीत लागू पडते.

पायरी १: रुग्ण कसे निवडले ते आधी वाचा

निष्कर्षाकडे नंतर वळा. आधी 'रुग्णांची निवड' हा परिच्छेद शोधा आणि त्यात 'इतक्यापेक्षा जास्त' अशी अट आहे का ते बघा. वरच्या अभ्यासात ती होती: दवाखान्यात मोजलेला वरचा रक्तदाब १६० किंवा त्याहून जास्त. ही एक ओळ सापडली की अर्धे काम झाले.

याचे कारण असे. माणसाचा रक्तदाब एका जागी ठरत नाही. रात्रीची झोप, जिना चढून आल्याची धाप, चुकलेली गोळी, पट्टा बांधणाऱ्याची घाई, या सगळ्याने तो दहा-पंधरा आकडे सहज इकडेतिकडे होतो. म्हणजे कोणत्याही एका मापात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: त्या माणसाची नेहमीची पातळी आणि त्या दिवसाची चढउतार. १६० ची अट लावली की दोन प्रकारचे लोक आत येतात. काहींची नेहमीची पातळीच १६० च्या वर असते. काहींची असते १५०, पण त्या दिवशी ते १६४ ला पोचलेले असतात. याच्या उलटे लोक, म्हणजे नेहमी १६५ असणारे पण त्या दिवशी १५६ निघालेले, दारातूनच परत जातात. निवडलेल्या गटात 'आज नेमका चढलेला' हा हिस्सा त्यामुळे प्रमाणाबाहेर गोळा होतो. पुढच्या वेळी मोजताना त्या दिवसाची चढ गेलेली असते आणि गटाची सरासरी आपोआप खाली येते. यालाच सरासरीकडे परतणे म्हणतात.

हा कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडण्याचा प्रकार नाही. योगायोग आधी सांगता येत नाही. ही घसरण मात्र कोणत्या दिशेने होईल आणि साधारण किती होईल हे उपचार सुरू होण्याआधीच कागदावर मांडता येते.

नैसर्गिकरीत्या बरे होणे ही वेगळी गोष्ट आहे. सर्दी आठवड्यात जाते, कारण आजारच संपतो. सरासरीकडे परतताना आजार जिथल्या तिथे असतो. आपण त्याला त्याच्या वाईट दिवशी पकडलेले असते, इतकेच. पाठदुखीसारख्या तक्रारीत ही पकड रुग्ण स्वतःच करतो: दुखणे असह्य झाले त्याच दिवशी तो नवीन उपचाराची चौकशी करतो. त्यामुळे लेखी अट नसली तरी अशा अभ्यासात अट लागलेलीच असते.

पायरी २: उपचार न करता किती उतरेल, याचा हिशेब

यासाठी तीन आकडे लागतात: ज्या लोकांतून रुग्ण निवडले त्या सगळ्यांची सरासरी, त्यांचे प्रमाण विचलन, आणि एकाच माणसाच्या दोन भेटींतल्या मापांचा सहसंबंध. हे आकडे अभ्यासात क्वचितच दिलेले असतात. त्याच प्रकारच्या दवाखान्याच्या जुन्या नोंदींतून ते काढता येतात.

हिशेब समजण्यासाठी काही आकडे गृहीत धरू. एका उच्च रक्तदाबाच्या बाह्यरुग्ण विभागात येणाऱ्यांची सरासरी १४५, प्रमाण विचलन २०, आणि दोन भेटींतला सहसंबंध ०.६. एका माणसासाठी सूत्र सोपे आहे:

दुसऱ्या भेटीचे अपेक्षित माप = सरासरी + सहसंबंध × (पहिले माप − सरासरी)

पहिल्या भेटीत १८० निघाला असेल तर १४५ + ०.६ × ३५ = १६६. काहीही न करता १४ आकड्यांची उतरण. हे भाकीत एकट्यादुकट्या माणसाबद्दल नसून १८० निघालेल्या सगळ्यांच्या सरासरीबद्दल आहे. त्यातले काही जण पुढच्या वेळी १९० ला सुद्धा जातील.

आता १६० ची अट लावून पूर्ण गट घेऊ. मापे घंटेच्या आकाराच्या वितरणाची आहेत असे धरले, तर अट पार करणाऱ्यांची पहिल्या भेटीतली सरासरी सुमारे १७१.६ येते आणि दुसऱ्या भेटीतली १६१. म्हणजे जवळजवळ साडेदहा आकडे, तेही नळी न घालता, गोळी न बदलता. सहसंबंध १ च्या जितका जवळ तितकी ही उतरण लहान, आणि अट सरासरीपासून जितकी दूर तितकी ती मोठी.

सूत्रावर विश्वास बसत नसेल तर एक्सेल किंवा गूगल शीट्समध्ये स्वतः करून बघा. पहिली ओळ शीर्षकांसाठी सोडा. A स्तंभात माणसाची खरी पातळी, B आणि C मध्ये दोन भेटी, D मध्ये 'उतरण':

```
A2: =NORM.INV(RAND(),145,15.5)
B2: =A2+NORM.INV(RAND(),0,12.65)
C2: =A2+NORM.INV(RAND(),0,12.65)
D2: =B2-C2
```

ही ओळ ५००१ व्या ओळीपर्यंत खाली ओढा, म्हणजे पाच हजार काल्पनिक रुग्ण तयार होतील. मग एका रिकाम्या जागी अट पार केलेल्यांच्या दोन्ही सरासऱ्या काढा:

```
=AVERAGEIFS(B2:B5001,B2:B5001,">=160")
=AVERAGEIFS(C2:C5001,B2:B5001,">=160")
```

पहिले उत्तर १७१-१७२ च्या आसपास येईल, दुसरे १६१ च्या आसपास. `RAND` प्रत्येक वेळी नवे आकडे काढतो, म्हणून उत्तर थोडे हलत राहील. एक्सेलमध्ये एफ-नऊ दाबून दहाबारा वेळा बघा. घसरण दर वेळी होते, एकदाही चुकत नाही. आता अट उलटी करा, `">=160"` च्या जागी `"<=130"` टाका. खालून निवडलेला गट तेवढाच वर चढलेला दिसेल, ११८ वरून १२९ च्या घरात. उपचाराचा परिणाम असता तर तो एकाच दिशेला गेला असता. दोन्ही टोके मध्याकडे सरकतात ही परतीची खूण आहे. प्रत्यक्षातही चाचणीत न घेतलेल्यांची पुढची मापे मिळाली तर ती जरूर बघावीत.

पायरी ३: आधारमाप कोणते धरले?

'उपचाराआधीचे माप' म्हणून जे छापले आहे ते निवडीच्या वेळचेच माप आहे की त्यानंतर वेगळे घेतलेले? अभ्यास रचणाऱ्याच्या हातात असलेला हा सर्वात स्वस्त इलाज आहे, आणि तरीही तो वारंवार टाळला जातो.

पहिल्या भेटीत निवड करा, दुसऱ्या भेटीत पुन्हा मोजा आणि 'आधीचे माप' म्हणून फक्त दुसरी भेट धरा. वरच्या शीटमध्ये हे C स्तंभाला आधार मानण्यासारखे आहे. तिथे एक तिसरी भेट जोडलीत तर C पासून तिच्यापर्यंत सरासरी हलणार नाही, कारण चढीचा गाळ पहिल्या भेटीतच राहिला. अनेक मापांची सरासरी घेऊन निवड करणे हा दुसरा मार्ग, पण तो अर्धवट आहे. आपल्याच गृहीत आकड्यांवर, दोन भेटींच्या सरासरीवर अट लावली आणि तीच सरासरी आधार धरली तर आपोआप होणारी उतरण साडेदहावरून सव्वासहावर येते. तीन भेटींनी ती सुमारे साडेचार होते. कमी होते, पण संपत नाही.

इथे एक खोड ओळखून ठेवा. दुसऱ्या भेटीतही '१६० च्या खाली आल्यास बाद' अशी अट असेल, तर दुसरी भेटही निवडीचीच झाली. मग ती स्वच्छ आधारमाप राहत नाही. शिवाय अटीच्या काठावर माणसाचा हातही डळमळतो. रुग्णाला चाचणीत घ्यायची इच्छा असलेल्या परिचारिकेला १५८ दिसले तर ती पाच मिनिटांनी पुन्हा मोजते, १६६ दिसले तर मोजत नाही. हेतू वाईट नसतो, पण आधीचा आकडा मात्र फुगतो.

पायरी ४: 'ज्यांचा रक्तदाब जास्त, त्यांना फायदा जास्त' हे वाक्य आले की थांबा

तुलना-गट नसलेल्या अभ्यासात हा निष्कर्ष हमखास भेटतो, आणि तो ऐकायला इतका पटणारा असतो की समीक्षकही सोडून देतात. शीटमध्ये हे करून बघा:

```
=CORREL(B2:B5001,D2:D5001)
```

उत्तर ०.४५ च्या जवळपास येईल. कोणावरही उपचार झालेला नाही, तरी सुरुवातीचे माप आणि उतरण यांत ठळक सहसंबंध आहे. कारण उघड आहे: उतरण म्हणजे B वजा C, आणि त्यातला B दोन्ही बाजूंना बसला आहे. त्या दिवशीची चढ B ला वाढवते आणि तितकीच उतरणही वाढवते. संबंध खरोखर आहे का हे बघायचे असेल तर उतरणीची तुलना सुरुवातीच्या मापाशी करू नका, दोन्ही मापांच्या सरासरीशी करा. E स्तंभात `=(B2+C2)/2` टाकून D शी सहसंबंध काढा. तो शून्याच्या आसपास येईल.

याच जातीचा दुसरा आकडा म्हणजे 'इतके टक्के रुग्णांना गुण आला'. रक्तदाबाच्या अभ्यासात गुण येणे म्हणजे बहुधा १० आकड्यांची उतरण. आपल्या शीटमध्ये अट पार केलेल्यांपैकी किती जणांत ती दिसते ते काढा:

```
=COUNTIFS(B2:B5001,">=160",D2:D5001,">=10")/COUNTIF(B2:B5001,">=160")
```

साधारण निम्मे. पाण्याचा घोटही न देता निम्म्या रुग्णांना 'गुण' आला. हा आकडा लोकांसमोर मांडायला सोपा असतो, म्हणून उपचाराच्या माहितीपत्रकात तोच सर्वात मोठ्या अक्षरात असतो. वाचकाने सरासरी फरक मागावा, आणि तोही तुलना-गटासकट.

पायरी ५: प्लासिबो परिणाम वेगळा मोजा

सरासरीकडे परतणे हा निवडीचा आणि गणिताचा खेळ आहे. रुग्णाला उपचार झाल्याचे ठाऊक असो वा नसो, ते घडते. प्लासिबो परिणाम म्हणजे उपचार झाला या समजुतीतून, अपेक्षेतून, डॉक्टरांच्या लक्ष देण्यातून येणारा बदल. डॉक्टरांचा हातगुण म्हणतो त्यात याचा मोठा वाटा असतो. गोळीपेक्षा इंजेक्शन, आणि इंजेक्शनपेक्षा नळी घालून केलेली प्रक्रिया अपेक्षा जास्त वाढवते, म्हणून शस्त्रक्रियेसारख्या उपचारांच्या बाबतीत इथे विशेष जपावे लागते.

नवशिक्यांची सर्वात मोठी गफलत इथे होते: प्लासिबो गटात, म्हणजे खोटा उपचार दिलेल्या गटात, जी काही सुधारणा दिसली ती सगळी प्लासिबोची. तसे नाही. त्या गटातले लोकही त्याच अटीने निवडलेले असतात, त्यामुळे त्यांच्या सुधारणेत परतीचा वाटा असतोच. वर तीन गोष्टी आणखी मिसळतात. चाचणीत नाव घातल्यावर माणूस गोळ्या वेळेवर घेऊ लागतो. दवाखान्याची सवय झाली की पट्टा बांधताना धडधड कमी होते. आणि मोजणाऱ्याचा कल तर असतोच. हे सगळे वेगळे करायचे असेल तर तिसरा गट लागतो, ज्याला खोटा उपचारही दिलेला नाही. प्लासिबो गटातून या गटाचा बदल वजा केला की उरतो तो प्लासिबो परिणाम.

कोपनहेगनच्या ह्रोब्यार्टसन आणि गोत्शे या दोन संशोधकांनी २००१ मध्ये नेमके हेच केले. प्लासिबो गट आणि काहीच न दिलेला गट, दोन्ही असलेल्या ११४ चाचण्या त्यांनी एकत्र तपासल्या. बऱ्या झालेल्यांची संख्या मोजायची तिथे प्लासिबोचा लक्षणीय परिणाम मिळाला नाही. वेदनेसारख्या, रुग्णाच्या सांगण्यावर मोजल्या जाणाऱ्या गोष्टींत लहानसा परिणाम दिसला. प्लासिबोच्या नावावर आधी जमा केलेली बरीचशी किमया इतर खात्यांची होती. 'प्लासिबोने तिसऱ्या हिश्श्याहून जास्त रुग्ण बरे होतात' असे वाक्य कुठे वाचलेत, तर तिथे तिसरा गट होता का, एवढेच विचारा.

यातून एक व्यवहारी कसोटी निघते. परिणाम कशाने मोजला ते बघा. वेदनेचे शून्य ते दहा गुण, झोप कशी लागली, थकवा किती, असल्या मापांवर अपेक्षेचा प्रभाव पडतो. दवाखान्यात मोजलेल्या रक्तदाबावरही पडतो. दंडाला यंत्र बांधून दिवस-रात्र आपोआप घेतलेल्या मापांवर तो फारच कमी पडतो. दोन्ही प्रकारे मोजलेले असेल तर दोन्हींची उतरण शेजारीशेजारी ठेवा. दवाखान्यातली उतरण चोवीस तासांच्या उतरणीपेक्षा थोडी जास्त असणे समजण्यासारखे आहे. पण ती तिप्पट असेल तर डोळे उघडे ठेवा.

पायरी ६: तुलना-गट आहे, पण पडदा नाही

सिम्प्लिसिटी एचटीएन-२ ही पुढची चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. आता सोडत काढून १०६ रुग्णांचे दोन गट केले होते. एका गटावर प्रक्रिया, दुसऱ्याला नुसत्या चालू गोळ्या. सहा महिन्यांनी प्रक्रिया झालेल्यांचा दवाखान्यातला रक्तदाब ३२/१२ ने उतरला, तुलना-गटाचा वरचा आकडा मात्र १ ने चढला. सरासरीकडे परतण्याचा आक्षेप मिटला असे वाटावे असा निकाल.

पण आकडे पुन्हा बघा. तुलना-गटही १६० च्या वरची अट लावूनच निवडलेला होता (मधुमेहींसाठी १५०). मग तो का उतरला नाही? सोडत काढली तर परतीचा वाटा दोन्ही गटांत सारखा असायला हवा, पण इथे एका गटात तो दिसतच नाही. कारण बहुधा पडद्याच्या अभावात आहे. कोणाला काय मिळाले हे रुग्णांना आणि डॉक्टरांना माहीत होते. तुलना-गटातल्या रुग्णांना सहा महिन्यांनंतर हीच प्रक्रिया मिळण्याची सोय होती. रक्तदाब चढाच राहावा असे त्यांना आतून वाटले असेल, तर नवल नाही. प्रक्रिया झालेल्यांची अपेक्षा याच्या उलट होती. दोन गट दोन बाजूंना ओढले गेले आणि मधले अंतर फुगले.

इशारा चाचणीच्या आकड्यांतच होता. चोवीस तासांचे माप थोड्याच रुग्णांचे घेतले होते, आणि प्रक्रिया झालेल्यांत तिथली उतरण फक्त ११/७ होती. दवाखान्यात ३२, घरी-दारी ११. शिवाय तुलना-गटाची सरासरी जवळजवळ हलली नव्हती, तरी त्यातल्या ३५ टक्के रुग्णांचा वरचा रक्तदाब १० किंवा जास्त आकड्यांनी उतरला होता. 'गुण आलेल्यांची टक्केवारी' किती पोकळ असते याचा याहून बरा नमुना क्वचित मिळेल.

पहिल्या अभ्यासातही एक अनौपचारिक तुलना होती. धमन्यांच्या रचनेमुळे पाच जणांवर प्रक्रिया करता आली नव्हती, आणि त्यांचा रक्तदाब पुढे चढत गेला. ते पाच जण सोडतीने वेगळे झालेले नव्हते, आणि पाचांच्या सरासरीला एकाचा बिघडलेला महिना पुरतो. असे शिल्लक राहिलेले रुग्ण तुलना-गट म्हणून धरू नयेत.

पायरी ७: बनावट प्रक्रियेनंतर काय उरले ते मोजा

सिम्प्लिसिटी एचटीएन-३ चा निकाल २०१४ मध्ये आला. ५३५ रुग्ण, दोनास एक या प्रमाणात सोडत: ३६४ जणांवर प्रक्रिया, १७१ जणांवर बनावट प्रक्रिया. बनावट गटातही नळी घातली, मूत्रपिंडाच्या धमन्यांचे चित्रण केले, फक्त मज्जातंतू जाळले नाहीत. सगळ्यांना गुंगीचे औषध होते, डोळ्यांवर पट्टी आणि कानात संगीत. नंतर रक्तदाब मोजणाऱ्यांनाही गट माहीत नव्हता. सुरुवातीला दोन्ही गटांची सरासरी १८० च्या आसपास होती.

सहा महिन्यांनी प्रक्रिया झालेल्यांचा वरचा आकडा १४.१३ ने उतरला, बनावट प्रक्रियेवाल्यांचा ११.७४ ने. फरक २.३९. चोवीस तासांच्या मापात ६.७५ आणि ४.७९, फरक १.९६. म्हणजे खऱ्या गटातल्या १४ आकड्यांपैकी जवळजवळ १२ मज्जातंतू न जाळताही मिळत होते. आधी-नंतरच्या अभ्यासाने दाखवलेल्या उतरणीतला किती भाग दुसऱ्यांचा असू शकतो, याचे हे प्रत्यक्ष माप आहे.

आता या ११.७४ ची फोड करायचा प्रयत्न करा आणि ती होत नाही हे अनुभवा. परतणे किती, प्लासिबो किती, नीट घेतलेल्या गोळ्या किती? तिसरा गट नाही, त्यामुळे सांगता येत नाही. चोवीस तासांच्या मापावर अपेक्षेचा प्रभाव कमी असतो असे वर म्हटले, मग बनावट गटात तिथेही ४.७९ ची उतरण कशी? कारण चोवीस तासांचा वरचा आकडा १३५ किंवा जास्त हवा, ही सुद्धा चाचणीत येण्याची अट होती. जिथे अट, तिथे परतणे. उपचाराचा परिणाम ठरवायला ही फोड लागत नाही, दोन गटांतला फरक पुरतो. पण 'बारा आकड्यांचा प्लासिबो परिणाम' असे लिहिणाऱ्याने पुरावा नसलेला दावा केलेला असतो.

पायरी ८: उलटी घाई करू नका

एचटीएन-३ नंतर अनेकांनी हा उपचार निकालात काढला. तोही अतिरेकच होता. २.३९ या फरकाची ९५ टक्के विश्वासाची कक्षा ६.८९ आकडे घट ते २.१२ आकडे वाढ अशी होती. तिच्यात शून्य आहे, तसाच पाच-सहा आकड्यांचा खरा फायदाही आहे. पुढे नळीची रचना बदलली, रुग्ण गोळ्या घेतात की नाही हे रक्त-लघवी तपासून पडताळले गेले, आणि मुख्य माप चोवीस तासांचे ठेवले. गोळ्या बंद ठेवून केलेल्या, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३३१ रुग्णांच्या चाचणीत बनावट प्रक्रियेच्या तुलनेत चोवीस तासांच्या मापात ३.९ आणि दवाखान्यात ६.५ आकड्यांचा फरक मिळाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रण संस्थेने अशा दोन उपकरणांना मान्यता दिली. परिणाम खरा निघाला, पण २७ किंवा ३२ चा नव्हे, चार ते सहा-सात आकड्यांचा. एका साध्या गोळीच्या तोडीचा.

पायरी ९: हातात फक्त आधी-नंतरचा अभ्यास असेल तर

बरेचदा पुढची चाचणी झालेलीच नसते. तेव्हा वाचताना समासात चार गोष्टी लिहून घ्या: निवडीची अट, आधारमाप कितव्या भेटीचे, मोजणाऱ्याला उपचार माहीत होता का, आणि शेवटच्या सरासरीत सुरुवातीचे किती रुग्ण उरले. शेवटचा मुद्दा सहज निसटतो. एचटीएन-१ मधल्या बाराव्या महिन्याच्या २७ आकड्यांत सगळे ४५ रुग्ण नव्हते, कारण अनेकांचा तेवढा पाठपुरावा तोवर झालेलाच नव्हता. दर महिन्याला वाढत जाणारी उतरण काढलेली रेघ दिसली की तिच्या खाली रुग्णसंख्या छापली आहे का ते बघा. नसेल तर ती रेघ एकाच गटाची आहे असे धरू नका.

उपचाराआधी निदान तीन-चार भेटींची मापे दिली असतील तर अभ्यासाची पत वाढते. ती मापे क्रमाने मांडा. उपचाराआधीच उतरण सुरू झालेली असेल तर नंतरच्या उतरणीचे श्रेय उपचाराला देता येत नाही. आधीची मापे सपाट असतील आणि उपचारानंतरच खाली आली असतील, तर परतीची शंका बरीच कमी होते. प्लासिबोची शंका मात्र तशीच राहते.

कधीकधी तुलना-गटाशिवायही निर्णय घेता येतो. १९२२ मध्ये टोरांटोत मधुमेहाने मरणपंथाला लागलेल्या मुलांना इन्शुलिन दिले तेव्हा बनावट इंजेक्शनाचा गट लागला नाही. त्या आजारात कोणी आपोआप सावरत नव्हते, आणि फरक रोजच्या चढउताराच्या कित्येक पट होता. म्हणून परिणामाचा आकार रुग्णाच्या नेहमीच्या चढउताराशेजारी ठेवा. आपल्या उदाहरणात एकाच माणसाच्या दोन भेटींतल्या फरकाचे प्रमाण विचलन सुमारे १८ आहे. १० किंवा २० आकड्यांची उतरण त्या गोंधळातच मिसळून जाते.

अहवाल किंवा बातमी लिहायची असेल तर क्रियापद सांभाळा. 'प्रक्रियेने रक्तदाब २७ ने कमी केला' असे लिहू नये. 'दवाखान्यात १६० पेक्षा जास्त रक्तदाब आढळल्यावर निवडलेल्या ४५ रुग्णांपैकी ज्यांचा तेवढा पाठपुरावा झाला त्यांच्यात, प्रक्रियेनंतर सहा महिन्यांनी मोजलेला वरचा आकडा सरासरी २२ ने कमी होता. सोडतीने पाडलेला तुलना-गट नसल्याने यातला प्रक्रियेचा वाटा सांगता येत नाही' असे लिहावे. संपादक दुसरे वाक्य कापायला बघेल. तेव्हा पहिल्यातली निवडीची अट तरी कापू देऊ नका.